प्रगती अहवालातला ‘हॅज बीन’ अरबीत नेताना: ऑक्टोबर ते डिसेंबर 2024 च्या नोंदी

27 ऑक्टोबर 2024, मस्कत

आमच्या साइटवर तीन मजली शाळेची इमारत उभी राहते आहे. दर महिन्याचा प्रगती अहवाल नियोजन विभाग इंग्रजीत लिहितो आणि त्याची अरबी प्रत मी करतो. करार फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या 1999 च्या लाल पुस्तकावर, म्हणजे बांधकामाच्या नमुना करारावर, बेतलेला आहे. त्यातल्या 4.21 कलमाप्रमाणे महिना संपल्यापासून सात दिवसांत अहवालाच्या सहा प्रती द्याव्या लागतात. आमच्या करारात आणखी एक अट आहे. दोन्ही प्रतींत फरक पडला, तर अरबी प्रत खरी धरायची.

ही वही सुरू करायचं कारण सप्टेंबरच्या अहवालात आहे. पायाच्या खड्ड्यात भूजल येतं आणि ते उपसायला पंप सतत चालू असतात. इंग्रजीत होतं, ‘डीवॉटरिंग हॅज कंटिन्यूड थ्रूआउट द मंथ’. मी लिहिलं, ‘इस्तमर्रत अअमाल नज्ह अल-मियाह तीलत अश्शहर’. शब्दाला शब्द बरोबर आहे. पण अरबी वाचणाऱ्याला त्यातून कळलं ते असं: उपसा महिनाभर चालला आणि संपला. ऑक्टोबरचं पंपांचं भाडं मागितलं तेव्हा मालकाच्या कार्यालयातून पत्र आलं, की तुमच्याच अहवालाप्रमाणे उपसा सप्टेंबरअखेर थांबला आहे, मग हे भाडं कशाचं? दोन पत्रं, एक बैठक आणि अकरा दिवस अडकलेलं बिल. चूक माझ्या एका क्रियापदाची होती.

म्हणून या महिन्याचं काम नोंद ठेवत करायचं ठरवलं. कोणी हेच काम करत असेल तर त्याचे अकरा दिवस वाचावेत.

अरबी शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे. घशातून येणाऱ्या अक्षरांचे बारीक भेद इथे दाखवलेले नाहीत.

28 ऑक्टोबर

ऑक्टोबरच्या अहवालाचा कच्चा मसुदा हातात आला. चौदा पानं. पेन्सिल घेऊन पूर्ण वर्तमानकाळाची वाक्यं मोजली, म्हणजे जिथे जिथे ‘हॅज’ किंवा ‘हॅव’ लागून क्रियापद येतं ती. एकसष्ट निघाली.

अरबीत या काळाचं वेगळं रूप नाही. मुख्य रूपं दोनच. एक पूर्णरूप: ‘कतब’, लिहिलं. दुसरं अपूर्णरूप: ‘यक्तुब’, लिहितो, लिहितो आहे. ‘लिहिलं’ आणि ‘लिहिलं आहे’ यांतला फरक क्रियापदाच्या रूपात दाखवायची सोय नाही. पुण्यात अरबी शिकताना आम्हाला सोपा नियम दिला होता: पूर्णरूपाच्या आधी ‘कद’ लावा, की ‘आहे’चा अर्थ येतो. सप्टेंबरात मी ‘कद’ वापरला नव्हता, म्हणून घोटाळा झाला असं मला वाटलं. या वेळी एकसष्टच्या एकसष्ट वाक्यांना ‘कद’ लावायचं ठरवलं. दिवसभरात काम झालं. जिथे जोर हवासा वाटला तिथे ‘लकद’ लावला.

29 ऑक्टोबर

अरबी प्रत तपासायला आमच्याकडे कैरोचे एक ज्येष्ठ अभियंता आहेत. सगळे त्यांना बाशमुहंदिस म्हणतात, मीही. त्यांनी पहिली दोन पानं वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

“या अखी, तुझ्यावर कोणी खोटेपणाचा आरोप केला आहे का?”

मी म्हटलं, नाही.

“मग ओळीओळीला शपथ का घेतो आहेस?”

ते काय म्हणत होते हे समजायला मला तासभर लागला. ‘कद’ पूर्णरूपाआधी आला की त्याची दोन कामं असतात. एक म्हणजे खात्री देणं, हे नक्की झालं आहे असं सांगणं. दुसरं म्हणजे झालेली गोष्ट आत्ताच्या क्षणाजवळ आणणं. ‘लकद’मध्ये तर खात्री देण्याचा जोर आणखी असतो, जुन्या अरबीत तो शपथेच्या उत्तरात येतो. एखाद्या वाक्यात तो शोभतो. पण ‘काँक्रीट ओतलंच आहे, सळई आलीच आहे, नकाशे दिलेच आहेत’ असं चौदा पानं कोणी लिहिलं, तर वाचणाऱ्याला आपोआप शंका येते. मराठीतला हा ‘च’ डोळ्यांसमोर आल्यावर मला माझी चूक दिसली.

दुसरी चूक जास्त गंभीर होती. इंग्रजीत होतं की ठेकेदार 12 ऑक्टोबरपासून रात्रपाळीत काम करतो आहे, ‘हॅज बीन वर्किंग’. काम अजून चालू आहे म्हणून मी अपूर्णरूप घेतलं आणि नियमाप्रमाणे पुढे ‘कद’ लावला: ‘कद यअमल अल-मुकाविल...’. अपूर्णरूपाआधी ‘कद’ आला की अर्थ पालटतो. तिथे तो ‘कदाचित’ असतो. माझं वाक्य म्हणत होतं, ठेकेदार कदाचित रात्रपाळी करील. अशी चार वाक्यं सापडली. चारही मालकाला कळवायच्या प्रगतीची होती आणि चारही शक्यता बनून बसली होती.

नकारातही मी ‘कद’ घातला होता. ‘कद लम’ असं अरबीत चालत नाही. ‘कद’च्या मागोमाग क्रियापदच यावं लागतं, मध्ये नकार नको. आधी लाल शाईने ते सगळे खोडले आणि मग उरलेली प्रतच बाजूला ठेवली. पूर्ण एक दिवस गेला.

29 ऑक्टोबर, दुपार

जेवणाच्या सुट्टीत साइटवरच्या नमाजाच्या खोलीबाहेर उभा होतो. आत रांगा लागत होत्या. नमाज सुरू व्हायच्या अगदी आधी जी हाक देतात, तिच्यात ‘कद कामतिस्सलाह’ हे शब्द दोनदा येतात. शब्दशः अर्थ ‘नमाज उभी राहिली आहे’. पण त्या क्षणी नमाज सुरू झालेली नसते, माणसं अजून खांद्याला खांदा लावून उभी राहत असतात. तीन वर्षं मी हे रोज ऐकतो आहे आणि त्यातल्या ‘कद’कडे आज पहिल्यांदा लक्ष गेलं.

आपण घरातून हाक आली की चप्पल शोधत असतानाच ओरडतो, “आलो, आलो!” एसटी वळणावर दिसली की म्हणतो, “गाडी आली.” आलेली नसते. पण इतकी जवळ असते, की झाल्यासारखीच. ‘कद’चं जवळ आणणं हे या जातीचं आहे. गेल्या महिन्यातल्या सळईच्या नोंदीला त्याची गरज नाही.

30 ऑक्टोबर

आज अरबी बाजूला ठेवलं. एकसष्ट वाक्यं एका वहीत उतरवली आणि प्रत्येकासमोर फक्त मराठी लिहिलं, जसं मी साइटवर कोणाला तोंडी सांगेन तसं. त्यातून आपोआप चार ढीग पडले.

‘झालं आहे’ या ढिगात चौतीस वाक्यं आली. ‘अमक्या तारखेपासून चालू आहे’ यात अकरा. ‘अजून झालेलं नाही’ यात नऊ. उरलेली सात ‘आजवर एकदाही’, ‘याआधी’, ‘या महिन्यात तीनदा’ अशी मोजणीची होती.

हा मार्ग मराठी माणसाला सोयीचा का आहे, ते दुसऱ्या ढिगात दिसतं. इंग्रजी ‘हॅज बीन वर्किंग सिन्स’ म्हणतं तेव्हा आपण सरळ वर्तमानकाळ वापरतो: 12 तारखेपासून काम करतो आहे. अरबीही तेच करते: ‘यअमल अल-मुकाविल लैलन मुंदु 12 उक्तूबर’. साधं अपूर्णरूप आणि ‘मुंदु’, म्हणजे ‘पासून’. मी इंग्रजीवरून अरबीत जात होतो तोवर मला मध्ये काहीतरी घालावंसं वाटत होतं. मराठीवरून गेलो तर घालायला काही उरतच नाही.

आपल्याकडे ‘झालं’ आणि ‘झालं आहे’ हे दोन्ही आहेत, अरबीत नाहीत. तिथे मराठीचा आधार संपतो. तो भाग उद्या.

31 ऑक्टोबर

पहिला ढीग, चौतीस वाक्यं. नमुना: तळमजल्याच्या छताचं काँक्रीट ओतलं गेलं आहे.

अरबीत कर्मणी रूप शब्दाच्या आतल्या स्वरांनी बनतं. ‘सब्ब’ म्हणजे ओतलं, ‘सुब्ब’ म्हणजे ओतलं गेलं. पण रोजच्या छपाईत स्वरचिन्हं देत नाहीत. कागदावर दोन्ही एकसारखी दिसतात, स्वाद आणि बा एवढीच अक्षरं. कोणी ओतलं आणि काय ओतलं गेलं, हे वाचणाऱ्याला पुढचं वाक्य वाचून ठरवावं लागतं. म्हणून आजच्या अहवालांत ‘तम्म’ (पूर्ण झालं) आणि त्यापुढे क्रियेचं नाव अशी रचना रुळली आहे: ‘तम्म सब्ब खरसानत सक्फ अत्ताबिक अल-अर्दी’. छताचं काँक्रीट ओतणं पूर्ण झालं. इथे ‘सब्ब’ हे नाम आहे, त्यामुळे घोटाळा होत नाही.

भाषेबद्दल काटेकोर असणाऱ्यांना हा ‘तम्म’ आवडत नाही. बाशमुहंदिसही म्हणाले, की ज्या भाषेला स्वतःचं कर्मणी रूप आहे तिने ही कुबडी का घ्यावी. त्यांचं म्हणणं मला पटतं, पण स्वरचिन्हांशिवाय छापायच्या कागदावर मी ‘तम्म’ ठेवणार. आमच्यात तडजोड झाली ती अशी: जिथे करणारा माहीत आहे तिथे त्याला कर्ता करून साधं वाक्य लिहायचं. ‘नकाशे सादर केले गेले आहेत’ याऐवजी ‘कद्दम अल-मुकाविल अर्रुसूम’, ठेकेदाराने नकाशे दिले. चौतीसपैकी पंधरा वाक्यं अशी सुटली. ‘तम्म’ एकोणीस उरले.

आता राहिला ‘आहे’. ‘तम्म सब्ब...’ म्हणजे ओतणं झालं, पण कधीपर्यंतच्या हिशोबाने? इंग्रजी क्रियापद हे आत्तापर्यंतचं भान सोबत घेऊन येतं. अरबीत ते क्रियापदाबाहेर ठेवावं लागतं. प्रत्येक वाक्यात ‘हत्ता तारीखिही’, म्हणजे आजपर्यंत, असं घातलं आणि वाचून पाहिलं, तर पान जड झालं. शेवटी प्रत्येक भागाच्या डोक्यावर एकच ओळ दिली: ‘मौकिफ अल-अअमाल हत्ता 31 उक्तूबर 2024’, म्हणजे 31 ऑक्टोबरपर्यंत कामाची स्थिती. त्याखालची सगळी साधी पूर्णरूपं त्या तारखेला बांधली जातात. एकोणीस ठिकाणी लागणारा ‘आहे’ एका ओळीत आला.

टक्केवारीच्या वाक्यात काही करावं लागलं नाही. ‘बलगत निस्बत अल-इंजाज 46%’, प्रमाण 46 टक्क्यांवर पोचलं. पोचलं म्हणजे आज तिथे आहे, हे सगळेच जाणतात.

उद्या शुक्रवार, सुट्टी, आणि लक्ष्मीपूजनही. दोन दिवस नोंद नाही.

3 नोव्हेंबर

दुसरा ढीग, ‘पासून चालू आहे’. सप्टेंबरची जखम इथलीच, म्हणून भूजलाचं वाक्य आधी घेतलं. आता ते असं आहे: ‘ला तजाल अअमाल नज्ह अल-मियाह मुस्तमिर्रा मुंदु 1 सब्तंबर’. उपशाचं काम 1 सप्टेंबरपासून अजूनही चालूच आहे. ‘ला तजाल’ म्हणजे ‘थांबलेलं नाही’, आणि ‘मुस्तमिर्रा’ हे ‘चालू असलेलं’ असं विशेषण. यात संपल्याचा अर्थ शिरायला जागा नाही.

आधी मी ‘ला जालत’ लिहिलं होतं. बाशमुहंदिसांनी ते खोडून वर ‘मा जालत’ लिहिलं. पूर्णरूपाला ‘मा’ लावायचा किंवा अपूर्णरूपाला ‘ला’ लावायचा. पूर्णरूपाला ‘ला’ लावला, की जुन्या व्याकरणाप्रमाणे तो आशीर्वाद होतो: तुझी भरभराट कधी न थांबो. वर्तमानपत्रांत हा घोळ सर्रास दिसतो आणि कोणी गैरसमज करून घेत नाही. पण उपसा कधी न थांबो अशी प्रार्थना अहवालात नको.

बंद पडलेल्या क्रेनचं वाक्य नामरूपाने सुटलं. ‘क्रेन 20 तारखेपासून बंद आहे’: ‘अर्राफिआ मुतवक्किफा मुंदु 20 उक्तूबर’. यात क्रियापदच नाही. ‘मुतवक्किफा’, थांबलेली, हे कर्तृवाचक विशेषण आहे. मराठीतही आपण ‘बंद आहे’ म्हणतो, ‘बंद पडलं गेलं आहे’ म्हणत नाही.

हे विशेषण इतकं सोयीचं वाटलं, की मी ते भलतीकडेही लावलं. आमचा गोदामवाला ओमानी आहे. सळईचा ट्रक आला की तो फोनवर म्हणतो, “अल-हदीद वासिल.” लोखंड आलेलं आहे. आखाती देशांतल्या बोलीत हे विशेषण आपल्या ‘आलेला आहे’, ‘बसलेला आहे’ याचं काम चोख करतं. मी अहवालात तेच लिहिलं. लेखी अरबीत मात्र ‘वासिल’ वाचून ‘येणारा, वाटेवर असलेला’ असाही अर्थ कोणी काढू शकतो. अहवालात ‘वसल अल-हदीद’, लोखंड आलं, आणि पुढे तारीख. बोलीतला कान लेखी कामात जपून वापरायचा.

4 नोव्हेंबर

तिसरा ढीग. वाक्यं नऊच, पण सगळ्यांत जास्त वेळ यांनी घेतला, आणि पैशांचा धोकाही यांतच जास्त होता.

‘मालकाने दारांचे नकाशे अजून मंजूर केलेले नाहीत.’ माझा पहिला मसुदा: ‘लम यअतमिद साहिबुल-अमल रुसूम अल-अब्वाब’. ‘लम’ पुढे अपूर्णरूप येतं आणि अर्थ होतो ‘केलं नाही’. मराठीत ‘मंजूर केले नाहीत’ आणि ‘अजून मंजूर केलेले नाहीत’ यांत जे अंतर आहे, तेच इथे आहे. पहिलं वाचून मालकाचा माणूस म्हणू शकतो, बरोबर, नाकारले, आता नवे आणा. दुसऱ्यात नकाशे त्यांच्या टेबलावर पडून आहेत आणि दिवस त्यांच्या खात्यावर मोजले जात आहेत. मुदतवाढ मागायची वेळ आली तर हे एक वाक्य बाहेर काढलं जाणार.

बाशमुहंदिसांनी इथे सिबवैहीचं नाव काढलं. आठव्या शतकातला हा वैयाकरण सांगून गेला आहे, की ‘फअल’ (केलं) याचा नकार ‘लम यफअल’, आणि ‘कद फअल’ याचा नकार ‘लम्मा यफअल’. म्हणजे ‘केलं’ला ‘केलं नाही’, आणि ‘केलं आहे’ला ‘अजून केलेलं नाही’. वाचून मला फार आनंद झाला. मी ज्या जागेवर आठवडाभर अडकलो होतो, ती त्यांच्या वैयाकरणांनी बाराशे वर्षांपूर्वी नेमकी दाखवून ठेवली होती. ‘लम्मा’त वाट पाहणंही आहे: झालेलं नाही, पण होणं अपेक्षित आहे.

लगेच नऊही ठिकाणी ‘लम्मा’ लावला. ते बाशमुहंदिसांनीच काढायला लावलं. आजच्या अरबीत ‘लम्मा’चा रोजचा अर्थ ‘जेव्हा’ असा आहे. अक्षरं तीच. मालकाकडचा तरुण अभियंता ‘जेव्हा मालक नकाशे मंजूर...’ असं वाचायला लागेल आणि वाक्याचा शेवट शोधत बसेल. आजच्या अहवालाला ‘लम’ आणि शेवटी ‘बअद’ (अजून) हीच जोडी योग्य: ‘लम तुअतमद रुसूम अल-अब्वाब बअद’. पुढे मी नकाशे दिल्याची तारीखही जोडली.

शुद्धलेखनाची एक चूक तीनदा केली. ‘लम’ नंतर अपूर्णरूपाचा शेवट आखडतो. बहुतेक शब्दांत हे कागदावर दिसत नाही. पण शेवटी ‘या’ अक्षर असलेल्या क्रियापदात ते अक्षरच गळतं. ‘तंतही’, संपते, ‘लम तंतहि’, संपली नाही. मी शेवटचा ‘या’ तसाच ठेवला होता.

5 नोव्हेंबर

आजचा दिवस एका वाक्यावर गेला. ते पूर्ण लिहून ठेवतो.

मसुद्यात होतं, ‘डिलिव्हरी ऑफ टाइल्स हॅज बीन डिलेड’. मी लिहिलं, ‘तअख्खर वुसूल अल-बलात’. फरश्या यायला उशीर झाला. छापायला देणार इतक्यात मराठी करून बघितलं, आणि मलाच कळेना, की फरश्या उशिरा आल्या, की अजून आलेल्याच नाहीत? इंग्रजी वाक्य दोन्हीकडे झुकतं. अरबी वाक्य मात्र ‘उशिरा का होईना, आल्या’ या बाजूला जास्त झुकतं.

नियोजन विभागातला अभियंता सांगलीचा आहे, मी त्याला दादा म्हणतो. त्याला विचारलं. “अरे, कुठल्या आल्यात? 15 तारखेला यायच्या होत्या, बंदरातून सुटल्याच नाहीत.” मग मी म्हटलं, दादा, हे वाक्यात कुठे आहे? त्याने परत वाचलं आणि म्हणाला, “माझ्या डोक्यात होतं.”

नवं वाक्य: ‘लम यसिल अल-बलात बअद, व कान मिन अल-मुकर्रर वुसूलुहू फी 15 उक्तूबर’. फरश्या अजून आलेल्या नाहीत. 15 ऑक्टोबरला येणं ठरलेलं होतं. इंग्रजीपेक्षा लांब आहे, पण मालकाला जे कळायला हवं ते यात आहे. ‘कान’, म्हणजे ‘होतं’, इथे बरोबर बसतो, कारण ठरणं मागचं आहे.

त्याच ‘कान’ने मला आधी दोन ठिकाणी फसवलं होतं. ‘कान कद’ लावून पूर्णरूप घेतलं की ते आपल्या ‘झालं होतं’ला जातं. ‘पाण्याच्या टाकीची चाचणी झाली आहे’ याचं मी ‘झाली होती’ करून ठेवलं होतं. पुढे काहीतरी बिघडलं असावं, अशी शंका त्यातून डोकावते.

यानंतर ‘डिलेड’, ‘अफेक्टेड’, ‘इंटरप्टेड’ असे शब्द असलेली सगळी वाक्यं दादासमोर धरली आणि एकच प्रश्न विचारला: आजही तसंच आहे का? सातपैकी तीन ठिकाणी उत्तर मी धरून चाललो होतो त्याच्या उलट निघालं.

6 नोव्हेंबर

चौथा ढीग तासाभरात आटोपला. ‘एकही दुखापत झालेली नाही’ला ‘लम तकअ अय्य इसाबा मुंदु बदअ अल-मश्रूअ’. तारखेची हद्द घातली, की ‘आजवर’ आपोआप येतं. ‘याआधी केलेलं आहे’ला ‘सबक’ हे क्रियापद वापरलं: ‘सबक लिल-मुकाविल अन नफ्फद...’, ठेकेदाराने याआधी असं काम केलेलं आहे. ‘या महिन्यात तीनदा वीज गेली आहे’ यात नुसतं पूर्णरूप आणि ‘ऑक्टोबर महिन्यात’. अहवाल वाचला जाईल तेव्हा तो महिना संपलेलाच असणार.

‘कद’ शेवटी तीन जागी उरला. पहिली जागा टाकीच्या गळतीच्या चाचणीची. मालकाने 22 तारखेच्या पत्रात ती झाली का, असं विचारलं होतं, म्हणून तिथे ‘झालीच आहे’ म्हणणं रास्त आहे. दुसरी जागा सारांशाच्या शेवटी, ‘हादा व कद तम्म...’ अशी. सरकारी अरबीत नवा मुद्दा जोडताना ही धाटणी ओळखीची आहे. तिसरी क्रेनच्या सुट्या भागाची. तो काल संध्याकाळीच आला आणि ऑक्टोबरच्या अहवालात तळटीप म्हणून जातो आहे. आलो-आलो मधला ‘आलो’.

सहा प्रती छापून झाल्यावर सांगाड्याच्या भागात ‘कद यअमल’ एका ठिकाणी राहून गेल्याचं दिसलं. 29 तारखेला खोडलं होतं, पण जुन्या फाइलमधून परिच्छेद परत चिकटवला गेला. सहा प्रती पुन्हा छापल्या, 18 रियाल गेले. हे आधी शोधता आलं असतं. आता छापण्याआधी फाइलमध्ये ‘कद’ शोधतो आणि प्रत्येकाच्या पुढचं अक्षर बघतो. पुढचं क्रियापद अपूर्णरूपाचं असेल तर त्याची सुरुवात अलिफ, नून, या किंवा ता यांतल्या एका अक्षराने होते, मग थांबून वाचायचं. काही पूर्णरूपंही याच अक्षरांनी सुरू होतात, ‘तम्म’सुद्धा, त्यामुळे डोळ्यांनी बघावंच लागतं. दोन मिनिटांचं काम आहे.

7 नोव्हेंबर

अहवाल मुदतीत पोचला. एकूण नऊ दिवस लागले. नेहमी चार लागतात. एक दिवस पूर्ण फेकलेल्या मसुद्यात गेला, एक फरश्यांच्या वाक्यात, आणि बाकीचा जादा वेळ ढीग पाडण्यात. ढिगांची वही आता तयार आहे. पुढच्या महिन्यात तो वेळ वाचेल.

14 नोव्हेंबर

मालकाकडून शेरे आले. काळाबद्दल एकच: भाग पाचमध्ये स्थितीची तारीख घालायची राहिली आहे. बरोबर होतं. तो भाग दुसऱ्या फाइलमधून आला होता आणि त्याच्या डोक्यावर ‘मौकिफ’ची ओळ नव्हती. एक पान बदलून पाठवलं.

पंपांच्या ऑक्टोबरच्या भाड्याबद्दल कोणी विचारलं नाही.

1 डिसेंबर

नोव्हेंबरचा अहवाल सुरू. या वेळी आधी मागच्या महिन्याचा तिसरा ढीग उघडला, कारण ‘अजून नाही’ असलेलं प्रत्येक वाक्य या महिन्यात कुठेतरी सरकलेलं असतं. दारांचे नकाशे 24 तारखेला मंजूर झाले: ‘तम्म इअतिमाद रुसूम अल-अब्वाब’. ‘बअद’ खोडला. दिल्याची तारीख होती तिथेच ठेवली आणि तिच्या शेजारी मंजुरीची लिहिली. फरश्या अजून बंदरातच आहेत. तिथे ‘बअद’ तसाच.